तिसऱ्या आठवड्याचा दुधी

दुधीभोपळ्याशी माझं वैर नाही. त्याचा हलवा होतो, कोफ्ते होतात, आणि आजारी माणसाला तो बिनबोभाट पचतो. पण माझी भाची पुण्यात सेंद्रिय भाजीची आठवडी पेटी चालवते आणि तिच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे असतात. बँकेतून निवृत्त झालेला मामा घरात असला की त्याला बिनपगारी कामाला लावायची आपल्याकडे रीतच आहे. त्या वह्यांत कोण कधी सोडून गेलं याच्या तारखा मी एकदा सहज दुधीच्या तारखांशेजारी मांडल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा बघितल्या. पहिल्या आठवड्यात दुधी गेला की लोक खूश असतात. दुसऱ्या आठवड्यात गप्प असतात. लागोपाठ तिसऱ्या बुधवारी गेला की गुरुवारपासून फोनवर निरोप यायला लागतात : “पुढचा महिनाभर आम्ही गावाला चाललोय.”

पुणेकर इतक्या वेळा गावाला जात असते तर शहरातली वाहतूक केव्हाच सुरळीत झाली असती. पण तोंडावर ‘तुमची भाजी नको’ म्हणायचं आपल्या जिवावर येतं. भाव जास्त वाटला तर माणूस निदान घासाघीस करतो. कंटाळला की मात्र तो गावाला जातो, आणि नेमका हाच गावाला गेलेला माणूस परत आणायला सगळ्यात अवघड.

यात शेतकऱ्याची तरी काय चूक? दुधीचा वेल एकदा मांडवावर चढला आणि लागायला लागला की तो गिऱ्हाइकाला विचारून थांबत नाही. लावल्यापासून दोनेक महिन्यांनी तोडा सुरू होतो आणि मग दर दोन-तीन दिवसांनी फळं उतरवावीच लागतात. वेलावर एखादा दुधी जून होऊ दिला तर वेलाचा सगळा जोर त्याच्या बिया भरण्यात जातो आणि नवी फळं धरणं मंदावतं. म्हणजे आज खपत नाही म्हणून वेलावर राहू द्या, हे जमत नाही. कापून ठेवा, तर पेटीत तोच. शेताचं हे असं आहे. आणि शहरातल्या स्वयंपाकघराला मात्र सोमवारी काय, मंगळवारी काय, अशी रोज नवी भूक लागते.

भाचीचे शेतकरी चार, सगळे दिवे घाटाच्या पलीकडचे, पुरंदर तालुक्यातले. घरं साधारण सत्तर. तिने पहिला नियम केला तो असा : टोमॅटो, कोथिंबीर, मिरची आणि आलं सोडलं तर कुठलीही भाजी लागोपाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. नियम करायला सोपा आहे. पाळायला बसलं की कळतं, त्यासाठी चौघा शेतकऱ्यांनी एकाच वेळी एकच वेल लावून चालत नाही. एकाने दुधी लावला तर दुसऱ्याने दोडका, तिसऱ्याने तीन आठवडे थांबून घोसाळं. आणि तरीही जो दुधी उरणार, त्याला ठरलेली वाट लागते. तो आमच्याकडे एका खानावळवाल्या बाईंकडे जातो, कमी भावात पण रोखीने. खानावळीतल्या पोरांना महिनाभर दुधी दिला तरी ती कुठे गावाला जाणार? त्यांचं गाव सुटलंय म्हणून तर ती खानावळीत आहेत.

खरा पेच मात्र पालेभाजीत आहे, कारण तिथे दोन कॅलेंडरं एकमेकांना भिडतात. मेथी पेरल्यापासून काढायला महिना लागतो, पालकाला तेवढाच, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस. म्हणजे या बुधवारी सत्तर जुड्या हव्या असतील तर महिन्यापूर्वी सत्तर घरं धरून वाफा पेरलेला असतो, आणि दर आठवड्याला पुढचा एक वाफा पेरत राहावं लागतं. गिऱ्हाइकाला सोडून जायला लागतात दोन ओळी आणि हात जोडलेलं एक चित्र. दहा घरं गेली की दहा जुड्या शेतात उभ्या राहतात. त्यांना फुलं येतात आणि त्या कडू होतात. म्हणून भाचीने महिन्याची वर्गणी बंद करून बारा आठवड्यांची आगाऊ घ्यायला सुरुवात केली. बारा आठवड्यांत दोन सुट्ट्या घेता येतात, पण रविवारी रात्रीपर्यंत सांगायचं, कारण सोमवारी सकाळी काढणीचा आकडा शेतावर कळवायचा असतो. हे ठरलं तेव्हा काही घरांनी नाकं मुरडली. “आधी पैसे? भाजीला?” गॅसला, शाळेला, नाटकाला, सगळीकडे आपण आधी पैसे देतो, भाजीला मात्र हाताळून, वर कढीपत्ता मागून, मगच पैसे द्यायची आपली परंपरा. पण जी घरं राहिली ती टिकली. बारा आठवड्यांत दुधी येऊन निघूनही जातो आणि तेवढ्यात गवार आलेली असते.

जपानमध्ये 1970च्या दशकात घरगुती ग्राहकांनी शेतकऱ्यांशी थेट असंच नातं जोडलं, त्याला ते ‘तेइकेई’ म्हणतात. तिथेही हंगाम आधी ठरवायचा आणि येईल ते वाटून घ्यायचं, अशीच पद्धत. हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणजे चौघांतले वयाने थोरले. ते म्हणाले, “जपानला दुधी लावत्यात का, साहेब?” मला सांगता येईना.

आता भाव. 2016 साली महाराष्ट्रात फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या. त्यामुळे बांधावरून थेट दारात माल आणायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती भावाच्या स्वभावाची. मार्केट यार्डातून शेतकऱ्याला मिळते ती पट्टी; नाना ती खिशात जपून ठेवतात, आणि एखादी इतकी हास्यास्पद असते की सुपारीबरोबर काढून दाखवतात. थंडीत सगळ्यांचीच मेथी एकदम आली की जुडीला चार रुपये सुटतात, त्यातून गाडीभाडं आणि हमाली गेली की काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही. भर पावसात वाफे सडले की तीच जुडी चाळीसच्या वर जाते. आमच्याकडे नानांना जुडीला चौदा रुपये, हंगामभर एकच भाव. कागदावर हे फार सुंदर दिसतं. चारच्या दिवसांत नाना खूश, चव्वेचाळीसच्या दिवसांत आम्ही खूश.

फक्त चव्वेचाळीसच्या दिवसांत व्यापाऱ्याचा टेम्पो बांधावर येऊन उभा राहतो. एका श्रावणात तो आलाच. सत्तर जुड्यांच्या जागी आमच्याकडे पस्तीस आल्या आणि निरोप आला की पावसाने निम्मा वाफा बसला. पाऊस पडला होता हे खरं. पण शेजारचा शेतकरी, जो कधी काही बोलत नाही, तो सहज म्हणून गेला, “नानांच्या पोरानं काल चांगली पट्टी आणली.” मला वाटलं, आता भाची घाटापलीकडे जाऊन भांडणार. ती गेली, पण भांडली नाही. चहा घेऊन, भाव बदलून आली. तिचं म्हणणं असं की चौदाला माल देणाऱ्या तरुण पोरासमोर चव्वेचाळीस रुपये उभे करायचे आणि त्याने शब्द पाळावा अशी अपेक्षा करायची, हा त्या पोरावर अन्याय आहे. तिने सूत्र केलं : चौदा हा किमान, बाजार कितीही पडला तरी तो मिळणार. बाजार त्याच्या दुपटीवर गेला, तर बाजारभाव आणि चौदा यांतल्या फरकाचा एक तृतीयांश वर द्यायचा. चव्वेचाळीसला फरक तीस, त्याचे दहा, म्हणजे जुडीला चोवीस. पोराने मनात हिशेब केला. चोवीस रुपये, जागेवर, भाडं नाही, हमाली नाही, आणि माघात बाजार चारवर आला तरी चौदा पक्के. तो म्हणाला, “चालंल, ताई.” त्यानंतर टेम्पो रिकामा गेला असं मी म्हणणार नाही, पण आमच्या सत्तर भरल्यावर मग त्याच्यात माल गेला.

वरचे दहा रुपये कुठून आणायचे, हा माझ्या खात्यातला प्रश्न. पेटीची किंमत हंगामभर चारशे ऐंशी. ती मध्येच वाढवली तर दुधीशिवायही लोक गावाला जातील. पेटीतले दोनशे साठ शेतकऱ्यांना, पंचेचाळीस घाटातून येणाऱ्या टेम्पोला, साठ घरपोच करणाऱ्या मुलांना, पस्तीस निवडून बांधणाऱ्या बायकांना आणि कागदाला. तीस रुपये खराब निघालेल्या किंवा बदलून द्याव्या लागलेल्या भाजीचे. चाळीस भाचीचे. उरले दहा, ते मी वेगळ्या खात्यात टाकायला लावतो. सत्तर पेट्यांचे आठवड्याला सातशे होतात. आणि मेथी चोवीसला गेली की सत्तर जुड्यांचा वरचा खर्चही बरोबर सातशे. म्हणजे एका आठवड्याची शिल्लक एका पालेभाजीची एका आठवड्याची तेजी सोसते. मेथी, पालक आणि कोथिंबीर एकदम चढले तर तीन आठवड्यांची गंगाजळी एका बुधवारी वाहून जाते. म्हणून थंडीत, खातं भरलेलं असताना, भाची माझ्याकडे नव्या क्रेटसाठी पैसे मागायला येते तेव्हा मी बँकेतला जुना चेहरा काढतो.

याच यादीत एक काटा आहे, जो नवीन पेटी सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या पायात रुततो. घरपोच करण्याचे साठ रुपये दाराला लागतात, वजनाला नाही. एक दिवस एक आजोबा म्हणाले, “आम्ही दोघंच. आम्हाला अर्धी पेटी द्या की, अडीचशेची.” मागणी अगदी रास्त. पण चारशे ऐंशीत साठ म्हणजे आठवा हिस्सा, अडीचशेत तेच साठ म्हणजे जवळजवळ चौथाई. बांधणाऱ्या बाईचा वेळही अर्ध्या पेटीला अर्धा लागत नाही. अर्ध्या पेट्या वाढल्या की धंदा वाढल्यासारखा दिसतो आणि भाचीचे चाळीस रुपये कुठे गेले ते कळत नाही. तिने आजोबांना अर्धी दिली नाही. पूर्ण पेटी, पण एकाआड एक आठवडा दिली. अशी घरं मिळाली की त्यांच्या दोन सारख्या टोळ्या करायच्या, एक या बुधवारी, दुसरी पुढच्या, म्हणजे शेतावरचा आकडा हलत नाही. आजोबांना एक फायदा आपोआप झाला. त्यांच्याकडे दुधी निम्म्याच वेळा पोचतो. तेव्हापासून ते ज्येष्ठ नागरिक संघात आमचं नाव काढतात.

ताजेपणाबद्दल मी काही बोलू नये असं घरातल्यांचं मत आहे, कारण मला मेथी आणि शेपू वासाशिवाय ओळखता येत नाही. पण मंगळवारी संध्याकाळी नानांच्या शेतावर मी जे बघितलं ते सांगतो. ऊन उतरल्यावर मेथी मुळासकट उपटली, मुळाची माती हातावर झटकली, धुतली नाही. जुड्या सैल बांधल्या. क्रेटमध्ये मुळं खाली, पाला वर, अशा उभ्या लावल्या आणि मुळांशी भिजवून पिळलेलं गोणपाट घातलं. पाल्याला पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, बाजारात तर जुड्या कशा न्हाऊन बसलेल्या असतात. नाना म्हणाले, “ती बाजाराची तब्येत. पाणी मारलं की वजन वाढतं, डोळ्याला गार दिसतं. सकाळी मधली पानं काळी.” मग त्यांनी एक घट्ट बांधलेली जुडी घेतली आणि मला म्हणाले, मध्ये बोटं घाला. आत चक्क कोमट होतं. उपटलेला पाला श्वास घेतच असतो, त्याची ऊब बाहेर पडायला वाट नसेल तर तो स्वतःच्याच उबेने पिवळा पडतो. तेव्हापासून मी मंडईत उभा राहून जुड्यांच्या पोटात बोटं घालतो. भाजीवाल्या बाया माझ्याकडे संशयाने बघतात.

दुसरी गोष्ट शिकलो ती टोमॅटोची. पिकत आलेला टोमॅटो एक वायू सोडतो, इथिलीन, आणि तो शेजारच्या पाल्याला अकाली म्हातारा करतो. एकाच बंद खोक्यात पालकाच्या मांडीवर टोमॅटो ठेवले तर दोघंही एकमेकांचं नाव सांगत बसतात. म्हणून पेटीत टोमॅटो वेगळ्या कागदी पिशवीत, आणि तेही पूर्ण लाल नाहीत, रंग धरलेले. भेंडीला हे लाड लागत नाहीत, पण तिचा तोडा एक दिवसाआड व्हायलाच हवा. एक तोडा चुकला की ती जून होते, मग शेंडा वाकतो पण मोडत नाही. भेंडीचा आणि बुधवारचा मेळ बसवायला म्हणून सोमवारी एक तोडा काढून तो खानावळीत जातो. त्या खानावळीतली पोरं काय काय खातात याची मला खरंच काळजी वाटते.

अळीचा फोटो आला नाही असा आठवडा जात नाही. फ्लॉवरच्या गड्ड्यातून एक हिरवी अळी बाहेर बघत असते, आणि खाली प्रश्न : “हे काय आहे?” भाची शांतपणे लिहिते, कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. उलट काही घरं छिद्रं मोजून घेतात. पानाला भोक नाही म्हणजे फवारलं असणार, असा त्यांचा सिद्धांत. तो तितकासा खरा नाही. थंडीत किडीचा जोर नसला की न फवारलेला पालकही गुळगुळीत येतो, आणि फवारूनही पानावर नागअळीच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या मी बघितल्या आहेत. पानाकडे बघून सेंद्रिय ओळखणारे लोक चेहऱ्याकडे बघून आडनाव ओळखणाऱ्यांच्याच जातीचे. औषधाचे अंश तपासायची चाचणी असते, पण एका नमुन्याला काही हजार रुपये जातात. आमच्या दहा रुपयांच्या खात्यातून ती वर्षातून एखादीच परवडते. त्यापेक्षा भाचीचा भरवसा सहभागी हमी पद्धतीवर. केंद्र सरकारच्या या योजनेत किमान पाच शेतकऱ्यांचा गट करतात आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. आमचे चौघं, आणि गट पुरा करायला नानांचे व्याही. शेजाऱ्याच्या शेतात कधी कसला पंप चालला हे गावात ज्याला ठाऊक नसतं असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि व्याह्याची चूक सापडली तर ती लपवेल असा व्याही त्याहून दुर्मीळ.

माणसं टिकवण्याचे जे उपाय शिकलेसवरलेले लोक सुचवतात ते भाचीने सगळे केले. पाककृतींचे कागद घातले. ते फळीवर अंथरले गेले. ओळखीचं गिऱ्हाईक आणा, एक पेटी फुकट, असं केलं. लोक एक पेटी खाऊन गेले. उपयोगी पडल्या त्या दोन साध्या गोष्टी. एक म्हणजे ‘नको यादी’. प्रत्येक घराने वर्षाला दोन भाज्यांवर कायमची फुली मारायची, त्या त्यांना जाणार नाहीत. दोनच. यावरून एका घरात नवरा-बायकोचा अबोला झाल्याचं ऐकिवात आहे, पण वर्गणी चालू राहिली. आणि दुसरी, पंचांग. आषाढात कांदेनवमी झाली की काही घरांत चार महिने कांदा, लसूण आणि वांगं वर्ज्य, आणि नेमकी तेव्हा वांग्याची झाडं फळांनी वाकलेली. तेव्हा त्या घरांना वांग्याऐवजी पुरंदरचा वाटाणा. ऋषिपंचमीच्या आठवड्यात अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, मक्याचं कणीस, भोपळ्याची फोड, सगळं थोडं थोडं आणि एकत्र. पितृपक्षात गवार आणि भेंडी, ज्यांचे भाव तेव्हा बाजारात डोळे पांढरे करतात. आणि जानेवारीत भोगीची पेटी, त्यात पावटा, गाजर, ओला हरभरा, वांगी, बोरं, उसाचं कांडं. भोगीच्या आठवड्यात आजवर कुणी सुट्टी मागितलेली नाही. गावाला गेलेलेसुद्धा त्या आठवड्यात परत येतात आणि विचारतात, जागा आहे का?

बहुतेकदा नसते. सत्तरावर भाची घर घेत नाही. चौघांचं पाणी मिळून तेवढंच पुरतं, आणि वर्षभर तेवढंच पुरेल याचीही हमी नाही. मागच्या पंधरवड्यात पुढच्या हंगामाचा भाव ठरवायला आम्ही नानांकडे गेलो. ओसरीवर नाना, त्यांचा पोरगा, भाची आणि वही घेऊन मी. नानांनी मेथीचे सोळा मागितले. बियाणं महागलं, मजुरी महागली, हे सगळं खरंच. भाची पंधरावर अडली. मी वहीत बघून सांगितलं की सोळा झाले तर राखीव खात्यातले दहा आठवर येतील. नानांनी सुपारी कातरली, पोराकडे बघितलं आणि म्हणाले, “पंधरा धरा ताई. पण एप्रिल-मेत मेथी मागू नका. उन्हानं उगवत न्हाई, पाणी मात्र दुप्पट पितीया.”

“मग मेमध्ये पाल्याचं काय देऊ सत्तर घरांना?”

“राजगिरा द्या. चवळीचा पाला द्या. आंबाडी द्या.”

“आंबाडी लागोपाठ चालेल लोकांना?”

नानांनी पोराकडे बघितलं. पोरगा म्हणाला, “दोन आठवडे चालंल.” मी वहीत तसं लिहून घेतलं.